ऐकणारा पल्ला

देवसिंगनं मोबाइल काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "ही लावाची गेटवर."

संघदीपला वाटलं, देवी असेल. लोक गेटवर देव लावतात, मोर लावतात, घोडे, उगवता सूर्य, नारळाची झाडं. दिग्रसमध्ये नारळाचं झाड औषधाला नाही, पण गेटवर लागतं. त्यानं हात पुसून मोबाइल उचलला. आत एक बाई होती.

"कोण हाये?"

"माही बुढी. घरवाली. हंसाबाई."

संघदीपनं आवाज खाली घेतला. "कधी वारली?"

"वारली कायले? बजारात हाये. भेंड्या घेऊन राह्यली."

आतल्या टेबलावर कॉम्प्युटरसमोर बसलेली मोनाली फिसकन हसली. संघदीपनं तिच्याकडे पाहिलं, मग देवसिंगकडे.

"देवसिंगभाऊ, जित्या माणसाचा फोटो कोणी गेटवर लावते का? मोर घ्या. समोरासमोर दोन मोर. मस्त दिसते."

"मोर होता का घर बांधाले?" देवसिंग म्हणाला. "मी दिवसभर जीपवर. दिग्रस-दारव्हा, दारव्हा-दिग्रस. मिस्त्रीच्या उरावर कोण बसली? इटा कोणं मोजल्या? भिताडाले पाणी कोणं मारलं? मंग गेटवर मोर काहून?"

संघदीपनं फोटो आपल्या मोबाइलवर घेतला.

*

आता हे दोघं. संघदीप पत्रा कापतो, जोडतो, घासतो, रंगवतो. मोनाली त्याची बायको. कॉम्प्युटरवरची नक्षी ती सांभाळते. सांभाळते म्हणजे, मोबाइलवर आलेली तयार नक्षी गिर्‍हाइकाच्या मापात बसवते. मोर रुंद कर, घोडा लहान कर, खाली मुलांची नावं टाक. मग मशीनची निळी आग पत्र्यावरून चालत जाते आणि मोर होतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा मोर.

मोनालीला मोर स्वप्नात येत. स्वतःचं काहीतरी काढू दे, असं तिनं संघदीपला किती वेळा म्हटलं असेल. तो नाही म्हणत नसे. तो म्हणे, "पाहू."

त्या दिवशी देवसिंग गेल्यावर ती म्हणाली, "हे मी करतो. चेहरा. माह्या हातानं."

"अन् नाई जमलं तं?"

"तं मोर."

"कायमचा?"

"कायमचा. पुन्हा शब्द नाई काढणार."

संघदीपनं भिंतीला टेकवलेल्या नव्या कोर्‍या पत्र्याकडे एकदा पाहिलं, बायकोकडे एकदा. "पाहू" म्हणाला नाही. "कर" म्हणाला.

*

फोटोत होतं ते असं: पुतण्याच्या लग्नातली हंसाबाई, सरळ कॅमेर्‍याकडे पाहणारी, लाल ओढणी, ओढणीच्या काठाला कवड्या, कवड्यांवर नाणी, कांचळीवर आरसे, प्रत्येक आरशात कॅमेर्‍याचा फ्लॅश, दोन्ही गालांशी लोंबणारी चांदीची घुगरी, नाकात भुरिया, म्हणजे बंजार्‍यांकडची मोठी नथ, कपाळावर गोंदण, हनुवटीवर गोंदण, डोळ्यांत काजळ, काजळाखाली जागरण, मागे मंडप, मंडपात पंखा, पंख्याखाली कोणाचं तरी अर्धं डोकं.

पत्र्याला यातलं काहीही कळत नाही. पत्र्याला दोनच गोष्टी कळतात: आहे आणि नाही.

*

दुसर्‍या दिवशी देवसिंग जीप रांगेत लावून आला. गाडी भरायला वेळ होता. मोनालीनं त्याच्यासाठी खुर्ची ओढली आणि पडद्यावर फोटो उघडला.

"काका, हा फोटो आता आपण काळापांढरा करून राह्यलो. करडा नाई. एकदम काळा, एकदम पांढरा. काळा म्हंजे पत्रा. पांढरा म्हंजे भोक."

तिनं पडद्यावरच्या पट्टीवरची खूण सरकवली. हंसाबाई फिकट झाली, गाल गेले, कपाळ गेलं, उरल्या दोन भुवया आणि काजळ.

"घुबड," देवसिंग म्हणाला.

तिनं खूण उलटी सरकवली. काळं चढत गेलं. ओढणी एक झाली, केस एक झाले, नाकाखालची सावली पसरली आणि ओठावर झुपकेदार होऊन बसली.

देवसिंग पुढं वाकला. "हा तं लखीराम."

"कोण लखीराम?"

"साळा माहा. हिचा भाऊ. मिशीसगट लखीराम."

मोनालीनं मधली जागा शोधली. तिथं बरंच काही होतं: डोळे होते, ओठ होते, नाणी होती, आरसे होते. देवसिंगचा चेहरा खुलला. "हे घे. हे बराबर. याच्यातलं काई काढू नको."

"काढत नाई. पाहा फक्त."

तिनं तोच चेहरा जाड कागदावर छापून घेतला आणि ब्लेड घेऊन पांढरं कापत गेली. देवसिंग बिडी न पेटवता बघत राहिला. शेवटचा काप झाल्यावर तिनं कागद दोन बोटांत धरून उचलला.

आधी उजवं बुबुळ काउंटरवर पडलं. मग डावं. मग नाणी, एकामागून एक, मोहरी सांडावी तशी. मग अख्खा खालचा ओठ.

"पांढर्‍यानं चारी बाजूंनं घेरलं ना काका, की काळं खाली पडते. धराले काई नाई त्याले. प्रत्येकाले एक एक पट्टी लावून धरता येते, पण मग काकू खिडकीच्या गजामागे बसल्यासारखी दिसीन."

देवसिंगनं काउंटरवरचं बुबुळ बोटाच्या टोकावर घेतलं आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं.

"मंग लोक मोर लावते थे काई उगाच नाई," तो म्हणाला.

आतून ग्राइंडरचा आवाज थांबला. संघदीप कान देऊन होता.

"बाजूनं फोटो हाये का काकूचा?" मोनालीनं घाईनं विचारलं. "एका कानाकडून. नाक, ओठ, हनुवटी, सगळं काठावर येते. काठ पडत नाई. तो बाकीच्याले धरूनच असते."

"बाजूनं कोण फोटो काढते? पोलीस?"

"तं काकूले आणा."

"ती येते का?" देवसिंग उठला. जीपमध्ये कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. "तिले तं मी सांगितलंच नाई अजून."

*

आली.

कशी आली ते देवसिंगनं सांगितलं नाही. पण दुकानात पाय ठेवला तेव्हा ती बोलतच होती आणि ते बोलणं बहुधा तांड्यावरच सुरू झालं होतं.

"...सार्‍या दुनियेले याचं त्याचं सांगते अन् माहं मलेच नाई. गेटवर म्हंते. मी का हनुमान हाये?" मग मोनालीला पाहून, त्याच दमात, "तू होय का थे पोरगी? पाणी दे बाई आधी."

फोटोतली हंसाबाई आणि ही, यांत पुष्कळ अंतर होतं. साधी सहावारी साडी, डोक्यावर पदर, हातात भाजीची पिशवी. भुरिया मात्र नाकात होती आणि पदराआड घुगरी हलत होती.

"काकू, तो लाल ड्रेस?"

"पेटीत. थो का रोज घालाचा हाये? दहा किलोचा हाये. घालून पाह्य एकडाव." ती स्टुलावर बसली. "या बुढ्याले मी लगनातलीच आठवते. रोजची दिसतच नाई याले."

"रोजची दिसत नाई, आयकू येते," देवसिंग म्हणाला.

मोनालीनं शटर अर्धं खाली ओढलं. भिंतीला पांढरा कागद चिकटवला, हंसाबाईचा स्टूल भिंतीच्या अगदी जवळ सरकवला, आणि हॅलोजनचा दिवा उचलून पार शेडच्या दुसर्‍या टोकाला नेला. देवसिंगला वाटलं, दिवा तोंडाशी पाहिजे.

"जवळ ठेवला तं सावली फुगते. अन् काठ पुसट होते. दिवा दूर, माणूस भिताडाजवळ. मंग सावली माणसाएवढी."

तिनं दिवा लावला.

भिंतीवर एक बाई उगवली.

हंसाबाईनं मान वळवली, तशी ती बाई नाहीशी झाली. पुन्हा सरळ बसली, पुन्हा आली. मग डोळ्यांच्या कोपर्‍यातून, मान न हलवता, तिनं बाजूला पाहायला सुरुवात केली. स्वतःला बाजूनं कोण पाहतं? आरसा नेहमी समोर असतो.

"हे नाक माहं हाये?"

"तुमचंच."

"माह्या याडीचं हाये," ती हळूच म्हणाली. याडी म्हणजे आई. "असंच होतं. चुलीपाशी बसली की भिताडावर असंच पडे."

आणि ती गप्प झाली. मोनालीनं निळा खडू टेकवला आणि काठ ओढत गेली: कपाळ, नाक, मिटलेले ओठ, हनुवटी. काढून झाल्यावर दोन पावलं मागं आली.

खडूची बाई कोणीही होती. बसस्टँडवर बसलेली. रांगेतली. डॉक्टरकडे नंबर लागायची वाट पाहणारी. काठ बरोबर होता, माप बरोबर होतं, आणि हंसाबाई त्यात नव्हती.

संघदीप दारात येऊन उभा होता. मोनालीला त्याच्या मागं मोर उभे दिसले.

"नाई," देवसिंग म्हणाला. "ही गरीब बाई कोणाची हाये?"

हंसाबाईची मान ताडकन वर गेली. "गरीब? मी गरीब? तुह्या मायच्या घरी आली तेव्हापासून..."

भिंतीवरची सावली पालटली. हनुवटी पुढं आली, गळ्याची शीर ताणली गेली, पदर मागं सरकला. दोन शेतं ओलांडून कोणाला तरी हाक मारावी तसा सगळा काठ पुढं झेपावला.

"काका," मोनाली म्हणाली, "काकूले बोलू द्या. थांबवू नका."

"मी कधी थांबवलं?"

तिनं नवा कागद लावला. हंसाबाई बोलत होती, इटांवर बोलत होती, मिस्त्रीवर, जीपच्या टायरवर, लखीरामच्या लग्नात राहिलेल्या आहेरावर. खडू पळत होता. पण एका जागी येऊन तो अडला.

भुरिया.

नथीची कडी नाकातून खाली ओठांवर लोंबत होती. सावलीत ती कडी आणि ओठ एक झाले होते. तोंड उघडं होतं, पण नथीनं ते झाकलं होतं. सावलीला पुढंमागं नसतं. जे आड येतं ते त्यातलंच होऊन जातं. नथ ठेवली तर तोंड मिटतं. तोंड ठेवायचं तर नथ काढावी लागते.

तिनं तसं सांगितलं.

"नथ पाह्यजे," देवसिंग ठाम म्हणाला. "भुरियाबिगर आमच्यातली बाई कशी ओळखू येईन? उघडं तोंड ठेवून का माशा घालाच्या हाये?"

"मी नाई काढणार," हंसाबाई म्हणाली. "नवरा जिता हाये, कसा बी असला तरी."

"काढू नका. नाकात राहू द्या. मी खडूनं नाई काढणार, एवढंच."

दिव्याभोवती एक चिलट फिरत होतं आणि त्याची सावली कागदावर पाखराएवढी फिरत होती. हंसाबाईनं भिंतीवरच्या स्वतःकडे पुन्हा तिरकं पाहिलं. ओठ उघडले. मिटले. उघडले.

"नथ कोणाच्याबी नाकात घालता येते," ती म्हणाली. "तोंड माहंच हाये. तोंड ठेव."

"अन् घुगरी?" देवसिंगचा आवाज खाली आला होता. "घुगरी बी गेली?"

घुगरी गालावर होती, म्हणजे काळ्याच्या पोटात. तिथं काठ पोचत नाही. मोनालीनं विचार केला आणि खडू उलटा धरून गालावर कानाजवळ एक लांबट फट काढली, वर बारीक, खाली रुंद. "इथून उजेड येऊ देतो. काळं नाई ठेवता येत तं पांढरी ठेवू. एवढी एकच."

देवसिंगनं त्या फटीकडे पाहिलं आणि मान हलवली.

*

राहिलं: नाक. हनुवटी. पदर. उघडं तोंड. गालावर एक रेघ उजेड.

*

पुढचे दोन दिवस मोनाली मोर विसरली. तिनं खडूची रेघ कॉम्प्युटरवर चढवली. गेटाच्या दोन पल्ल्यांपैकी, म्हणजे दोन दारांपैकी, एकात गोल खिडकी घेतली, खिडकीत हंसाबाई बसवली, पल्ल्यांच्या मधल्या बाजूला तोंड करून. खांदे खिडकीच्या खालच्या कडेला जोडले, पदर मागच्या कडेला, म्हणजे डोकं दोन्हीकडून पक्कं धरलेलं राहील. ओठांमधली फट खरी होती त्याहून थोडी मोठी केली, कारण आग जिथून जाते तिथं स्वतःची जाडी खाऊन जाते आणि कोपरे वितळून बोथट होतात. नाकाचं टोक जरा टोकदार ठेवलं, बोथट होऊन बरोबर येईल म्हणून. पापणीचा एक केस ठेवावा असा मोह झाला. ठेवला, पाहिला, काढला.

दुसर्‍या पल्ल्यात साधी वेल टाकायची होती. ती अजून काढायची होती.

त्या दिवशी लेकीच्या, खुशीच्या, शाळेत पालकांची सभा होती. जाता जाता तिनं संघदीपला हाक मारली, "पल्ला तयार हाये. फाइल टेबलावरच ठेवली."

संघदीपला कौतुक वाटलं होतं. ते त्याला बोलून दाखवता येत नाही. तो काम करून दाखवतो. बायको येईपर्यंत गेट कापून ठेवावं, तिनं दारातूनच पाहावं, असं त्याच्या मनात आलं. त्यानं फाइल उघडली. एक पल्ला होता. गेटाचा एकच पल्ला काढायचा असतो. दुसरा उलटवून घ्यायचा. मोर असाच होतो, घोडा असाच होतो, इतकी वर्षं असंच होत आलं आहे. त्यानं उलटवून घेतला आणि मशीन चालू केलं.

मोनाली सभेतून परत आली तेव्हा दोन पल्ले भिंतीला शेजारीशेजारी टेकवून ठेवले होते.

दोन हंसाबाया. समोरासमोर. दोघींची हनुवटी वर, दोघींचं तोंड उघडं. शेडमध्ये आवाज नव्हता, पण ऐकू येत होतं.

"कसं हाये?" संघदीप म्हणाला. मग तिचा चेहरा पाहून, "काय झालं?"

तिनं सांगितलं.

तो खाली बसला. पत्र्याकडे पाहत राहिला. कापलेला पत्रा परत सांधत नाही आणि तसला दुसरा पत्रा दुकानात नव्हता.

"मोर असता तं..." तो म्हणाला आणि तिथंच थांबला. थांबला ते बरं केलं.

*

देवसिंग आणि हंसाबाई ठरल्याप्रमाणे बघायला आलेच. निरोप द्यायला वेळ मिळाला नाही, किंवा धीर झाला नाही. दोघं पल्ल्यांसमोर उभे राहिले.

देवसिंगनं डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा सोडला, पुन्हा गुंडाळला.

"तांड्यातले म्हणतीन, देवसिंगनं दुसरी केली."

"चूक माही हाये," संघदीप म्हणाला. "मोरासारखं उलटवलं. मोनालीनं तं बराबर दिलतं."

"अन् दुसरी बी अशीच केली म्हणतीन," देवसिंग स्वतःशीच पुढं गेला. "एकीनं भागलं नाई का, म्हणतीन."

मोनाली हंसाबाईकडे बघत होती. या बाईनं नुसतं "नको" म्हटलं की संपलं. उद्यापासून मोर रुंद कर, घोडा लहान कर. आणि हंसाबाई बोलत नव्हती. ती एका पल्ल्याजवळ गेली, त्या उघड्या तोंडात तिनं आपलं बोट घालून पाहिलं. मग दुसर्‍याजवळ गेली. मग दोन्हींच्या मधोमध उभी राहिली, एकदा इकडं, एकदा तिकडं बघत, भांडण सोडवायला आल्यासारखी.

"ही बोलते," ती म्हणाली. "थे बी बोलते. आयकते कोण?"

संघदीपनं मोनालीकडे पाहिलं.

"सांग ना पोरी. दोघी बोलून राह्यल्या. आयकाले कोण हाये?"

"कोणी नाई, काकू."

"हे अजून कापता येते का?"

"कापता येते. वाढवता..." मोनालीनं नवर्‍याकडे पाहिलं.

"तुकडा जोडता येते," संघदीप उभा राहिला. "वेल्डिंग करून, घासून. काळा रंग मारला की जोड दिसत नाई."

"मंग हिच्यातून याले काढ," हंसाबाई म्हणाली आणि अंगठ्यानं नवर्‍याकडे दाखवलं.

देवसिंगनं मागं वळून पाहिलं, दुसरं कोणी आहे का म्हणून.

*

दिवा पुन्हा पार टोकाला गेला. शटर खाली आलं. दुसरा पल्ला भिंतीशी उभा केला आणि देवसिंगला त्याच्या समोर स्टुलावर बसवलं, त्याची सावली बरोबर पत्र्याच्या हंसाबाईवर पडेल असं. जरा खाली. जरा मागं. खांद्यावर खांदा आला. मोनाली खडू घेऊन पत्र्यापाशी गुडघ्यावर बसली.

"काका, गप्प बसा."

"मी गप्पच असतो," देवसिंग म्हणाला.

पदराच्या घेरात त्याचा दुपट्टा आरामात मावला. मागचा पदर मानेपर्यंत कापायचा, तिथं त्याची मान होती. खिडकीच्या कडेला धरायला दुपट्ट्याचं लोंबतं टोक ठेवायचं. कपाळ आत बसलं. हनुवटी तिच्या हनुवटीच्या बरीच मागं होती. कापायला पुष्कळ जागा. खालचा ओठ तिच्या ओठात गेला. पण नाक?

नाक पत्र्यावर नव्हतंच. ते खिडकीतून आरपार जाऊन मागच्या भिंतीवर पडलं होतं, अंधुक आणि भलंमोठं.

"केवढं हाये हे," संघदीप म्हणाला.

"म्हणूनच हिच्या बापानं पोरगी देली," देवसिंग ओठ न हलवता म्हणाला. "दुरून दिसलं."

"हलू नका."

संघदीपनं एक पुठ्ठा आणला आणि पत्र्याच्या कडेला लावून धरला, तशी हवेत गेलेली सावली त्यावर अडकली. नाक आणि नाकाखालची मिशी. मोनालीनं ती पुठ्ठ्यावर उतरवून घेतली. तेवढाच तुकडा जोडायचा होता. पहिल्या पल्ल्याच्या खिडकीतून निघालेला पत्रा कोपर्‍यात पडला होताच. हंसाबाईच्या तोंडासमोरची जी जागा रिकामी केली होती, तिच्यातूनच देवसिंगचं नाक निघालं.

राहिली गालावरची फट. घुगरीची.

"हे बुजवून टाकतो," संघदीप म्हणाला. "भाऊच्या गालावर घुगरी कायले."

हंसाबाई जवळ आली. तिनं फट पाहिली, मग नवर्‍याचा गाल पाहिला, जिथं तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून धरून एक कायमचा खड्डा पडला होता. दोन्ही जवळजवळ एकाच जागी होते.

"राहू दे. हे खर्र्याचं भोक हाये. लोक बराबर ओळखतीन."

देवसिंग हसला आणि सावली हलली. मोनालीनं खडू खाली ठेवला. तिचं झालं होतं. ओठांची रेघ तिनं त्याआधीच काढून घेतली होती, मिटलेली, एका टोकाला जराशी वर गेलेली. हसू दाबलेल्या माणसाची असते तशी. ती तिनं बदलली नाही.

*

गेट लागलं.

पहिल्या दिवशी तांड्यातली पोरं येऊन पाहून गेली. मग बाया आल्या. कोणी विचारलं नाही की ही कोण. विचारलं ते असं: "हंसाबाई, काय बोलून राह्यली ओ तू त्याले?" तिनं प्रत्येकीला वेगळं सांगितलं. एकीला टायर, एकीला आहेर. लखीराम पुसदहून आला, दुसर्‍या पल्ल्यासमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला, आणि मिशी आपली आहे म्हणाला. ते त्याला कोणी मान्य केलं नाही.

गेट उघडलं की दोघं दोन बाजूंना होतात, ती इकडं, तो तिकडं, मधून जीप आत येते. लावलं की पुन्हा समोरासमोर, ती बोलते, तो ऐकतो.

रविवारी मोनाली आणि संघदीप जेवायला गेले. सकाळचं ऊन गेटातून आत आलं होतं आणि सारवलेल्या अंगणात दोघांची डोकी लांब होऊन पडली होती. हंसाबाईच्या गालावरची उजेडाची रेघ तुळशीपर्यंत गेली होती. एक कोंबडी तिच्या उघड्या तोंडात दाणे टिपत होती. हंसाबाईनं तिला हाकललं, मग पुन्हा येऊ दिलं.

संघदीप देवसिंगशी बिजागरीबद्दल बोलत होता, आणि बोलता बोलता, कोणाकडेही न पाहता म्हणाला, "आर्णीवाल्या सोनाराचा फोन आलता. माय-बापाचं पाह्यजे म्हंते, असंच. मी म्हटलं, मोनालीले विचारा. ते तिचं काम हाये."

मोनालीनं ऐकलं. ती गेटापाशी उभी होती. काळा रंग चांगला बसला होता. वेल्डिंगचा निळसर डाग, घासल्याचे ओरखडे, जुना काठ, नवा काठ, सगळं त्याच्याखाली एक झालं होतं.

हंसाबाई शेजारी येऊन उभी राहिली. तिनं हात उचलला आणि नवर्‍याच्या नाकाच्या मुळाशी बोट टेकवलं. बोट वर नेलं, खाली आणलं.

"इथं जोडलं ना?"

"दिसते का काकू?"

"दिसत नाई," हंसाबाई म्हणाली. बोट तिथंच होतं. "लागते हाताले."

मग तिनं मान वळवून, दोन शेतं ओलांडून मारावी तशी हाक मारली, "आयकलं का, जेवाले बसा," आणि देवसिंग उठला.